कुत्र्याची साखळी कोणाच्या हातात?

घरी कुत्रा असेल तर मुलांची रोजची हालचाल वाढते का? शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा विषय घेणाऱ्या वर्गाला तो पहिल्या दिवशी फार सोपा वाटतो. कोणाकोणाकडे कुत्रा आहे हे विचारायचे, हात वर करणाऱ्यांची एक यादी करायची आणि बाकीच्यांची दुसरी. सगळ्यांनी आठवडाभर पावले मोजायची, दोन्ही याद्यांची सरासरी काढायची, तक्त्यावर दोन रंगीत खांब उभे करायचे आणि उंच खांबाच्या बाजूने निष्कर्ष लिहायचा. तक्ता देखणा होतो, पण त्यातून कुत्र्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. ते का कळत नाही हे आधी पाहू. कारण तेवढे लक्षात आले की तीच मुले आणि तीच साधने घेऊन खरोखर काही सांगणारा प्रकल्प आखता येतो.

मोठ्या संशोधकांनी हा प्रश्न हाताळलेला आहे. इंग्लंडमध्ये लंडन, बर्मिंगहॅम आणि लेस्टर या शहरांतल्या शाळांमधून ९ ते १० वर्षांच्या २,०६५ मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारी यंत्रे बांधली गेली, आणि २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुत्रा असलेल्या घरांतली मुले दिवसाला सरासरी ३५७ पावले जास्त चालत होती. ऐकायला बरे वाटते, पण ३५७ पावले म्हणजे साधारण साडेतीन-चार मिनिटांचे चालणे. शिवाय संशोधकांनी सोबत एक पट्टाही दिला होता: खरा फरक १४ पावलांइतका किरकोळ असू शकतो किंवा ७०१ पावलांइतकाही असू शकतो. दोन हजारांवर मुले मोजूनही उत्तर एवढे सैल राहिले.

आता हे आपल्या वर्गाला लावून बघा. एकाच वर्गातली दोन मुले घेतली तर त्यांच्या रोजच्या पावलांत दोन-तीन हजारांचा फरक सहज असतो. एक संध्याकाळी मैदानावर क्रिकेट खेळतो, दुसरा शिकवणीला रिक्षाने जातो. मुलामुलांमधला हा पसारा ३,००० पावलांचा धरला, तर त्यातून ३५७ पावलांचा फरक भरवशाने ओळखण्यासाठी दोन्ही गटांत मिळून दोन हजारांहून जास्त मुले लागतात. म्हणजे इंग्लंडमधला अभ्यास जेवढा होता, जवळपास तेवढीच. चाळीस-पंचेचाळीसच्या वर्गात कुत्रा असलेली पाच-सात मुले निघतील. त्यांतला एक जण जरी शाळेच्या कबड्डी संघात असला, तरी कुत्रेवाल्यांचा खांब उंच होईल. तो आजारी पडून घरी बसला की खांब खाली येईल. कुत्र्याचा यात काही हात नाही.

मुले वाढवली तरी दुसरी अडचण सुटत नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. कुत्रा कोणत्याही घरात चिठ्ठ्या टाकून येत नाही. ज्या घरात अंगण आहे, ज्यांना फिरायला आवडते, ज्यांच्याकडे दिवसभर कोणीतरी माणूस असते, त्या घरांत तो येण्याची शक्यता जास्त. अशा घरातली मुले कुत्रा येण्याआधीपासूनच जास्त बाहेर असतील. गावाकडे तर आणखी वेगळे. वाड्यावरचा किंवा शेतावरचा राखणीचा कुत्रा असतो, आणि तिथली मुले शाळेत चालत किंवा सायकलने जातात. त्यांची पावले शहरातल्या मुलांपेक्षा जास्त भरली, तर त्याचे श्रेय राखणीच्या कुत्र्याला कसे द्यायचे?

प्रश्नात ‘हालचाल वाढते का’ असे शब्द आहेत. वाढणे म्हणजे आधी आणि नंतर यांतला फरक. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेमके तेच धरले. त्यांनी ६०० लहान मुलांची हालचाल बालवाडीच्या वयात एकदा आणि पूर्णवेळ शाळा सुरू झाल्यावर पुन्हा एकदा मोजली. मधल्या काळात ५८ मुलांच्या घरी कुत्रा आला आणि ३१ मुलांच्या घरचा गेला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, घरी नव्याने कुत्रा आलेल्या मुलींची हलकी हालचाल दिवसाला ५२ मिनिटांनी वाढलेली दिसली आणि कुत्रा गमावलेल्या मुलींची ६२ मिनिटांनी घटलेली दिसली. ही तुलना दोन याद्यांच्या तुलनेपेक्षा कितीतरी भक्कम आहे, कारण इथे प्रत्येक मूल स्वतःशीच ताडले जाते. अंगण, आईवडिलांच्या सवयी, शाळेचे अंतर या गोष्टी दोन्ही वेळी बऱ्याच अंशी त्याच राहतात.

शाळेला एवढी वर्षे थांबता येत नाही, आणि प्रकल्पासाठी कोणाच्या घरी कुत्रा आणून ठेवणे तर अजिबात योग्य नाही. पण मूल स्वतःशीच ताडायचे ही कल्पना उचलता येते. त्यासाठी प्रश्न थोडा अरुंद करावा लागतो. कुत्रा ‘असणे’ आणि कुत्र्याला ‘फिरवणे’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वर्गातल्या कुत्रेवाल्या मुलांना विचारा, रोज सकाळी साखळी कोणाच्या हातात असते? बहुतेक वेळा उत्तर येईल, बाबांच्या किंवा आजोबांच्या. काही सोसायट्यांमध्ये यासाठी पगारी माणूस येतो. मुलाच्या वाट्याला संध्याकाळी सोफ्यावर कुत्र्याचे लाड करणे तेवढे उरते. म्हणून मोजायचा प्रश्न असा करू: ज्या दिवशी मूल स्वतः कुत्र्याला फिरवून आणते, त्या दिवशीची त्याची एकूण पावले न फिरवलेल्या दिवसापेक्षा जास्त भरतात का?

यात ‘एकूण’ हा शब्द सोडून चालणार नाही. अर्ध्या तासाच्या फेरीत दोन-अडीच हजार पावले पडतील हे सांगायला प्रयोग कशाला? खरी गंमत पुढे आहे. कुत्र्याला फिरवण्यासाठी मुलाने तो अर्धा तास कुठून काढला? मोबाइलमधून काढला असेल तर पावले वाढली. लगोरी किंवा क्रिकेट सोडून काढला असेल, तर ती कदाचित कमीच झाली, कारण धावणारे मूल अर्ध्या तासात कुत्र्यामागे रेंगाळणाऱ्या मुलापेक्षा जास्त पावले टाकते. एका जागची हालचाल वाढून दुसऱ्या जागची घटली का, हे फक्त दिवसभराच्या बेरजेतच दिसते.

आता आखणी. समजा आठवीच्या वर्गात पाच मुलांकडे कुत्रा आहे आणि घरच्यांची तयारी आहे. प्रयोग तीन आठवड्यांचा. सोमवार-मंगळवार ही एक जोडी, बुधवार-गुरुवार ही दुसरी. प्रत्येक जोडीतल्या एका दिवशी संध्याकाळी मूल कुत्र्याला अर्धा तास फिरवते, आणि दुसऱ्या दिवशी तेच काम घरातले मोठे माणूस करते. कुत्र्याची फेरी दोन्ही दिवशी होतेच, त्याच्यावर अन्याय नाही. बदलतो फक्त साखळी धरणारा हात. कोणत्या दिवशी कोण, हे नाणे उडवून ठरवायचे आणि तेही तीनही आठवड्यांचे आधीच, शिक्षकांसमोर. हे मुलांवर सोडले की मूल कंटाळा नसेल त्या दिवशी, पाऊस नसेल त्या दिवशी, गृहपाठ कमी असेल त्या दिवशी फिरवायला जाते. असल्या दिवशी त्याची पावले तशीही जास्त भरली असती. नाण्याला कंटाळा येत नाही. अशा रीतीने एका मुलामागे सहा जोड्या होतात, पाच मुलांच्या मिळून तीस.

ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनी नुसते बसायचे का? नाही. मोजणी, यंत्रांची तपासणी, रोजच्या नोंदी गोळा करणे, आकडेमोड ही कामे त्यांची. खरे तर नोंदवहीची बेरीज करणाऱ्याला कोणता दिवस फिरवण्याचा होता हे माहीत नसले तर उत्तमच, म्हणजे हवा तो आकडा नकळत उचलला जात नाही.

पावले मोजायला कमरेला अडकवायचे साधे पावलेमापक यंत्र पुरते. मोबाइल शाळेत चालत नाही आणि घरीही तो टेबलावर पडलेला असतो. मनगटावरचे पट्टे चालतील, पण हाताच्या हालचालीवर चालणारे यंत्र तबल्याच्या रियाजालाही चालणे समजू शकते. यंत्र कोणतेही असो, सगळ्यांसाठी एकच प्रकार घ्यावा आणि आधी तो तपासावा. मैदानावर तोंडाने मोजत नेहमीच्या चालीने शंभर पावले चालायचे आणि आकडा बघायचा. ९५ ते १०५ मध्ये आला तर ठीक. नाही आला तर यंत्र गुडघ्याच्या सरळ रेषेत वर, कमरपट्ट्याला घट्ट लावून पुन्हा बघायचे. तरीही चुकत असेल तर ते बाजूला ठेवायचे. प्रत्येक मुलाने तीनही आठवडे स्वतःचे एकच यंत्र वापरायचे. सायकल आणि पोहणे ही यंत्रे पकडत नाहीत, त्यामुळे त्यांची मिनिटे वेगळी लिहून ठेवायची.

नवे यंत्र कमरेला लागले की पहिले दोन दिवस मूल उगाचच जिने चढते-उतरते. म्हणून ते सोमवारच्या आधीच्या शुक्रवारीच द्यावे आणि शनिवार-रविवारचे आकडे मोजणीत धरू नयेत. आकड्यावर चिकटपट्टी लावून ठेवली आणि रात्री झोपताना मोठ्यांनी ती काढून आकडा लिहिला, तर उत्साहाची ही भर आणखी कमी होते. सोबतच्या वहीत चारच गोष्टी हव्यात: यंत्र किती वाजता लावले आणि काढले, मध्ये कधी काढून ठेवले, संध्याकाळी मूल काय करत होते, आणि कुत्र्याला प्रत्यक्षात कोणी किती वेळ फिरवले. दहा तासांपेक्षा कमी वेळ यंत्र लावले असेल तर तो दिवस बाद, आणि त्याच्याबरोबर जोडीतला दुसरा दिवसही बाद. दिवसाला १,००० पेक्षा कमी किंवा ३०,००० पेक्षा जास्त पावले दिसली, तर मुलांच्या हालचालीचे अभ्यासक ती नोंद सहसा वगळतात. तसा आकडा दिसला की यंत्र विसरले गेले, बिघडले, की कुत्र्याच्या गळपट्ट्याला बांधले गेले, याची चौकशी करावी. आठवीच्या मुलांना ही शेवटची कल्पना सुचतेच!

एका मुलाचे गणित करून बघू. हे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. पहिल्या जोडीत फिरवण्याच्या दिवशी ११,४०० पावले आणि न फिरवण्याच्या दिवशी ९,९००, म्हणजे फरक अधिक १,५००. उरलेल्या पाच जोड्यांचे फरक असे आले: उणे ५००, अधिक २,५००, अधिक १,७००, उणे ८०० आणि अधिक २,२००. सगळ्यांची बेरीज ६,६००, म्हणजे सरासरी १,१००. वहीत फेरीची वेगळी मोजणी असेल, तर फेरीत साधारण २,४०० पावले पडलेली दिसतात. त्यातली १,१०० दिवसाच्या बेरजेत टिकली आणि उरलेली १,३०० दुसऱ्या कुठल्यातरी हालचालीतून वजा झाली. उणे आलेल्या दोन जोड्यांच्या तारखा काढून वही बघायची. त्या जोड्यांत न फिरवण्याच्या दिवशी मूल मैदानावर खेळत होते असे निघाले, तर पावले कुठे गेली ते कळले.

पण हे १,१०० योगायोगानेही आले असतील. ते तपासायला मोठे संख्याशास्त्र लागत नाही. फिरवण्याचा काहीच परिणाम नसता, तर प्रत्येक जोडीतला फरक अधिक असणे किंवा उणे असणे केवळ नाण्याच्या हातात होते. सहा जोड्यांच्या चिन्हांच्या एकूण ६४ जुळण्या होतात. त्यांतल्या किती जुळण्यांत बेरीज ६,६०० किंवा त्याहून जास्त येते हे मुलांना कागदावर मोजता येते. सगळे फरक अधिक धरले तर बेरीज ९,२०० येते. एखादा फरक उणे केला की बेरीज त्याच्या दुपटीने उतरते. त्यामुळे उणे केलेल्या फरकांची बेरीज १,३०० च्या वर जाऊन चालत नाही. तशा जुळण्या चारच: एकही उणे नाही, फक्त ५०० उणे, फक्त ८०० उणे, किंवा हे दोन्ही उणे. ६४ पैकी ४, म्हणजे सोळात एक. निव्वळ नशिबाने सोळा वेळांत एकदा असा निकाल येईल. सहसा वीसात एकपेक्षा दुर्मीळ असेल तरच संशोधक दखल घेतात, म्हणजे एकट्या या मुलावरून काही म्हणता येत नाही. पाचही मुलांच्या तीस जोड्या एकत्र केल्या की चित्र स्पष्ट होऊ लागते. तिथे हाताने सगळ्या जुळण्या मोजणे अशक्य, पण तीस नाणी पुन्हा पुन्हा उडवून, किंवा संगणकाच्या तक्त्यात तेच करून, शंभर-दोनशे खोटे निकाल तयार करता येतात आणि आपला निकाल त्यांत कुठे बसतो ते बघता येते. वर्गातल्या कुत्रा नसलेल्या चाळीस जणांना त्या दिवशी भरपूर काम मिळते.

वेळ कोणती निवडायची यावर बरेच अवलंबून आहे. जुलैच्या पावसात फेरीच होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुले मामाकडे जातात, आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी किंवा क्रीडा सप्ताह सुरू असला की सगळ्यांचीच पावले फुगतात. दिवाळीची सुट्टी संपल्यावरचे आणि स्नेहसंमेलनाच्या आधीचे तीन आठवडे बरे पडतात. जोडीतले दोन दिवस लागोपाठचे असल्यामुळे हवेचा आणि वेळापत्रकाचा फरक बराच कमी होतो, तरी मंगळवारी कवायतीचा तास असेल तर तो वहीत दिसला पाहिजे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र सवलत नको. पालकांची लेखी संमती हवी, आणि फेरीला मोठे माणूस बरोबर हवे. ते चालत असले तरी साखळी मुलाच्या हातात असली की प्रयोगाला बाधा येत नाही. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असावी. मुलाला न आवरणारा दांडगा कुत्रा असेल तर ते घर प्रयोगात घेऊ नये. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या टोळीमुळे फेरी अर्धवट सोडावी लागली तर परत यावे आणि तसे लिहावे. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, हे पाचही घरांना आधी सांगून ठेवावे. तक्त्यावर मुलांची नावे लावू नयेत, क, ख, ग पुरे. वजने तर विचारूच नयेत. त्यांचा या प्रश्नाशी संबंध नाही आणि वर्गात त्यावरून चिडवाचिडवी होते.

या प्रयोगाच्या मर्यादाही त्याच तक्त्यावर लिहायच्या. पाच घरांवरून महाराष्ट्रातल्या मुलांबद्दल बोलता येत नाही. तीन आठवड्यांची नवलाई वर्षभर टिकते का हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. पावलांच्या आकड्यातून ती जोरकस होती का हे समजत नाही, आणि दर खांबापाशी थांबून हुंगणाऱ्या कुत्र्याबरोबरची फेरी बहुधा जोरकस नसतेच. फिरवण्याखेरीज कुत्रा घरात जी धावपळ घडवतो, चेंडू फेकणे, त्याच्या मागे पळणे, ती दोन्ही दिवशी सारखीच असल्याने या तुलनेत दिसत नाही. तेव्हा ‘कुत्रा पाळल्याने हालचाल वाढते’ हे वाक्य या तक्त्यावर येऊ शकत नाही. येऊ शकते ते एवढेच: ‘आमच्या वर्गातल्या पाच मुलांनी कुत्र्याला स्वतः फिरवले त्या दिवशी त्यांची एकूण पावले सरासरी इतकी वाढली, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता इतकी.’ वाढली नसतील तर तसेच लिहायचे.

प्रदर्शनात गुण देणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. या विषयाच्या टेबलापाशी आलात की रंगीत खांबांकडे नंतर बघा. आधी रोजच्या नोंदींची वही मागा, आणि त्यात बाद केलेले दिवस कोणते, का बाद केले, आणि बाद करायचा नियम प्रयोगाआधी ठरला होता की नंतर, एवढे मुलांना विचारा.